खिडकीच्या वर ड्रिल अडतं: फोटोवरून मशीन ओळखा, मग भिंतीला लागा

दर उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा दिवाळीच्या आधी माझ्या फोनवर एकाच प्रकारचे निरोप यायला लागतात. ड्रिल मशीनचा एक फोटो असतो आणि खाली एकच ओळ: "भाऊ, याच्यानं भिंतीत भोक होईल का?" माझं नागपुरात इतवारीत मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, थोडी मशीनं भाड्यानंही देतो. त्यामुळं असे फोटो मी रोज पाहतो. त्यातले निम्मे लोक मशीन विकत घ्यायच्या आधी विचारतात. उरलेले निम्मे दोन बिट जाळून झाल्यावर विचारतात. हे लिखाण मुख्यतः त्या दुसऱ्या निम्म्यांसाठी आहे.

मागच्या महिन्यात मनीषनगरच्या एका ताईंनी असाच फोटो पाठवला. त्यांची गोष्ट पूर्ण सांगतो, कारण एका पडद्याच्या रॉडसाठी त्यांनी तीन वेगवेगळ्या मशीनांचे फोटो पाठवले आणि तिन्हींचं उत्तर वेगळं निघालं.

तक्रार अशी होती. हॉलमध्ये खिडकीच्या बाजूला फोटोफ्रेमसाठी दोन भोकं पाडली, ती लोण्यासारखी पडली. तेच मशीन, तोच बिट घेऊन खिडकीच्या वर रॉडचा ब्रॅकेट लावायला गेल्या तर थोडं आत जाऊन गाडी अडली. जोर लावला, अजून जोर लावला, धूर निघाला. बिट बाहेर काढला तर टोक निळं पडलेलं. "मशीन खराब झाली वाटते. समोर जाऊनच नाही राहिली नं भाऊ!"

मी त्यांना मशीनबद्दल काही विचारायच्या आधी दोनच गोष्टी विचारल्या. भोकातून पडलेला भुसा कोणत्या रंगाचा आहे? आणि काडेपेटीतली काडी भोकात घालून पाहा, किती आत जाते? बाजूच्या भोकांचा भुसा विटकरी होता. खिडकीवरच्या भोकाचा भुसा फक्त करडा, पिठासारखा, आणि काडी जेमतेम दीड सेंटीमीटर आत जात होती.

एवढ्यावर भिंतीचं निदान झालं. आतल्या भिंतीवर प्लॅस्टर साधारण १२ ते १५ मिलिमीटर असतं. म्हणजे त्यांच्या मशीननं प्लॅस्टर तेवढं खरवडलं होतं आणि त्याच्या मागं ते लिंटलला जाऊन टेकलं होतं. लिंटल म्हणजे खिडकी-दाराच्या वरची काँक्रीटची आडवी पट्टी, वरच्या विटांचं ओझं पेलणारी. ती बहुतेक घरांत सहा इंच उंच असते आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना अर्धा फूट किंवा जास्त आत शिरलेली असते. म्हणून ब्रॅकेट दोन इंच डावीकडं किंवा उजवीकडं सरकवून काही फरक पडत नाही. पडद्याचा रॉड लोक नेमका तिथंच लावतात, त्यामुळं घरातलं ड्रिल सगळीकडं चालतं आणि पडद्यापाशीच अडतं.

आपल्याकडच्या काँक्रीटमधली गिट्टी बहुतेक काळ्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची असते. वीट घासून कापता येते, पण काळा दगड नुसता घासून कापला जात नाही. त्याच्यावर ठोका पडावा लागतो, टोकाखालचा कण फुटावा लागतो आणि मग फिरणारा बिट तो कण बाहेर ओढतो. ज्या मशीनमध्ये ठोका नाही ते दगडावर फक्त फिरत राहतं आणि सगळी ताकद उष्णतेत जाते. ताईंच्या बिटचं टोक निळं पडलं ते त्यामुळं.

आता प्रश्न उरला मशीनचा. फोटोत ठोका दिसतो का? दिसतो, पण फोटो नीट काढला तर.

फोटो कसा काढायचा

बहुतेक जण मशीन पलंगावर आडवी ठेवून वरून एक फोटो काढतात. त्यात रंग दिसतो, वायर दिसते, चादरीची फुलं दिसतात. रंगावरून मला कंपनीचा अंदाज येईल, पण एकाच कंपनीची एकाच रंगाची साधं ड्रिल, इम्पॅक्ट ड्रिल आणि रोटरी हॅमर अशी तिन्ही जातींची मशीनं असतात. म्हणून मी चार फोटो मागतो. पूर्ण मशीन एका बाजूनं. मग बिट काढून मशीनचं तोंड अगदी समोरून, जवळून. मग वरची बाजू, जिथं एखादी सरकपट्टी किंवा फिरकी असते. आणि शेवटी पोटावरची किंवा बाजूची पट्टी, जिच्यावर बारीक अक्षरांत आकडे असतात. तोंडाच्या फोटोत शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर, त्यामुळं भोकाचं माप मला घरबसल्या कळतं.

चारांपैकी एकच फोटो मिळणार असेल तर मी तोंडाचा मागतो.

समोरून पाहिल्यावर तीन जबडे मध्ये येऊन मिळताना दिसले, तर तो चकवाला ड्रिल. चावीनं आवळायचा असो की हातानं, फरक नाही. यात साधं ड्रिलही असू शकतं आणि ज्याला दुकानात इम्पॅक्ट ड्रिल म्हणतात तेही असू शकतं. म्हणजे इथं निकाल लागत नाही, वरची बाजू पाहावी लागते.

जबडे नाहीत, त्याऐवजी काळ्या रबराच्या टोपीत सरळ गोल भोक आहे, आणि मागं एक गळपट्टी आहे जी मागं ओढली की बिट सुटतो, तर तो रोटरी हॅमर. या तोंडाला एसडीएस प्लस म्हणतात. त्याच्या बिटची शेपटी १० मिलिमीटर जाड असते आणि तिच्यावर चार खाचा असतात, दोन शेवटपर्यंत उघड्या आणि दोन मध्येच बंद. नाण्याच्या शेजारी ते भोक नाण्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा किंचित मोठं दिसतं. याहून मोठ्या फोडायच्या मशीनचं तोंड १८ मिलिमीटरचं असतं, घरात त्याचं काम नाही.

तिसरं तोंड फसवं आहे. जबडे नाहीत, आणि मध्ये षटकोनी भोक आहे, साधारण सहा-सव्वासहा मिलिमीटरचं. हा इम्पॅक्ट ड्रायव्हर. त्याच्याबद्दल पुढं बोलू, कारण ताईंचा दुसरा फोटो नेमका तोच होता.

पहिला फोटो: सासऱ्यांचं जुनं मशीन

ताईंनी पाठवलेलं पहिलं मशीन धातूच्या पुढच्या भागाचं, चावीच्या चकचं. घरात वीस वर्षं तरी असेल. तोंडात तीन जबडे. मग वरचा फोटो पाहिला. इम्पॅक्ट ड्रिल असतं तर चकच्या मागं, अंगावर एक सरकपट्टी किंवा फिरकी दिसली असती, एका बाजूला बिटचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला हातोडीचं. इथं वरची बाजू सपाट होती. बाजूला ट्रिगर अडकवून ठेवायचं बटण होतं आणि उलट-सुलट फिरवायची दांडी होती. हातोडी कुठंच नाही.

पट्टीवर लिहिलं होतं २३० व्होल्ट, ४०० वॅट, २६०० फेरे आणि १० मिलिमीटर. हा १० चा आकडा वाचून ताई म्हणाल्या, "मला तर सहाचंच भोक पाहिजे, मग काऊन नाही होत?" इथं पुष्कळ लोक गडबडतात. तो आकडा चकमध्ये जास्तीत जास्त किती जाड बिट बसेल तो आहे, किंवा लोखंडात किती मोठं भोक पाडता येईल तो. काँक्रीटचा आकडा वेगळा लिहिलेला असतो. काँक्रीटला चालणाऱ्या मशीनच्या पट्टीवर किंवा खोक्यावर लाकूड, लोखंड आणि काँक्रीट असे तीन आकडे मिळतात, आणि मिनिटाला किती ठोके तेही मिळतं. ठोक्यांचा आकडा नाही आणि काँक्रीटचा आकडा नाही, तर त्या मशीनकडं ठोका नाही असंच धरा. वॅट कितीही असू देत. ४०० ऐवजी ८०० वॅटचं साधं ड्रिल आणलं तरी काळ्या दगडावर ते बिट अधिक लवकर जाळेल, एवढाच फरक.

म्हणून पहिल्या फोटोचं उत्तर: मशीन ठणठणीत आहे, विटेला, लाकडाला, लोखंडाला छान आहे. लिंटलला नाही. दुरुस्तीला आणू नका, पैसे वाया जातील.

दुसरा फोटो: शेजाऱ्यांचं बॅटरीचं मशीन

दोन तासांनी दुसरा फोटो आला. बॅटरीचं, आखूड नाकाचं, देखणं मशीन. अंगावर ठळक अक्षरांत इम्पॅक्ट असं छापलेलं. "हे तर इम्पॅक्टच आहे, आता तर होईल नं?"

तोंडाचा फोटो मागवला. षटकोनी भोक.

इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्येही हातोडी असते हे खरं, पण ती गोल फिरण्याच्या दिशेनं मारते. पान्याच्या दांड्यावर बाजूनं हातोडा मारून गंजलेला नट सोडवतात, तसं. स्क्रू आवळायला आणि सोडवायला त्याच्यासारखं मशीन नाही. भिंतीत भोक पाडायला मात्र ठोका बिटच्या मागून, सरळ आत जायला हवा, छिन्नीवर हातोडा मारतात तसा. षटकोनी शेपटीचा भिंतीचा बिट बाजारात मिळतो आणि विटेत थोडंफार कामही होतं. काँक्रीटमध्ये त्या आडव्या धक्क्यांनी बिटच्या टोकावरचा कार्बाइडचा तुकडाच उडतो. छापलेल्या शब्दापेक्षा तोंडाच्या आकारावर विश्वास ठेवा, असं मी दुकानातही प्रत्येकाला सांगतो.

बॅटरीच्या मशीनांबद्दल आणखी दोन चुका इथंच सांगून टाकतो, कारण फोटो पाहून माझीही एकदा झाली आहे.

पहिली चूक चकच्या मागच्या आकड्यांच्या कड्याची. १ ते १५ किंवा २० असे आकडे असतात. लोकांना वाटतं आकडा मोठा म्हणजे ठोका मोठा. तो क्लच आहे. स्क्रू किती आवळला की मशीननं सुटायचं, ते तो ठरवतो. लहान आकड्यावर ठेवून भिंतीला लावलं की क्लच सुटतो आणि कर्रर्र असा आवाज येतो. तो आवाज लोक हॅमरचा समजतात आणि "हॅमर चालू आहे, तरी जात नाही" असं सांगतात. त्याच कड्यावर शेवटी फक्त बिटचं चित्र असेल तर ते साधं ड्रिल. बिटच्या चित्रानंतर हातोडीचंही चित्र असेल तरच हॅमर आहे, आणि कडं त्या चित्रावर फिरवलेलं असायला हवं.

दुसरी चूक वरच्या १-२ च्या सरकपट्टीची. तो वेगाचा गिअर आहे. फोटोत ती हातोडीच्या सरकपट्टीसारखीच दिसते. चित्र दिसत नसेल तर झूम करून नवा फोटो मागवावा, अंदाज करू नये.

हातोडीचं चित्र दिसलं, मग झालं का?

इथं माझं मत दुकानदारांपेक्षा थोडं वेगळं आहे. तीन जबड्यांचं इम्पॅक्ट ड्रिल, १३ मिलिमीटर चक, ५५० ते ६५० वॅट, नागपुरात घरोघरी हेच असतं. पट्टीवर काँक्रीटला १३ मिलिमीटर लिहिलेलं असतं. खोटं नाही ते, पण अर्धंच कळतं त्यातून.

या मशीनमध्ये दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात. हॅमर चालू केला की एक चकती दुसरीच्या दातांवरून खडखडत घसरते आणि चक पुढं-मागं थरथरतो. एका फेऱ्यात जितके दात तितके ठोके. २८०० फेरे आणि १६ दात धरले तर मिनिटाला ४४,८०० ठोके होतात. आकडा भारी वाटतो, पण प्रत्येक ठोका इवलासा, आणि तोही तुम्ही मागून जितका दाबाल तितकाच. हात वर करून स्टुलावर उभं राहून खिडकीवर भोक पाडताना माणूस किती दाबणार?

रोटरी हॅमरमध्ये आत पिस्टन असतो. तो हवा दाबतो, हवा आतल्या लोखंडी ठोकळ्याला उडवते आणि ठोकळा बिटच्या शेपटीवर आदळतो. माणसाच्या जोराचा इथं संबंध नाही, फक्त मशीन भिंतीला टेकवून धरायचं. घरगुती २६ मिलिमीटरच्या मशीनचा ठोका अडीच ते तीन ज्यूलचा असतो आणि मिनिटाला चार-पाच हजार ठोके. अडीच ज्यूल म्हणजे एक किलोचं वजन वीतभर उंचीवरून पडल्यासारखं, तेही सेकंदाला सत्तर-ऐंशी वेळा. म्हणून पट्टी वाचताना ठोके कमी दिसले तर घाबरू नका. ठोके चाळीस हजार आणि ज्यूल लिहिलेलेच नाहीत, ते चकतीवालं. ठोके चार-पाच हजार आणि पुढं ज्यूल लिहिलेले, ते पिस्टनवालं.

मग इम्पॅक्ट ड्रिलनं लिंटलला भोक पाडावं की नाही? ६ मिलिमीटरची दोन-चार भोकं असतील तर पाडावीत. माझ्या हातानं एका भोकाला मिनिट-दीड मिनिट लागतं, दर आठ-दहा सेकंदांनी बिट बाहेर ओढून भुसा काढत. ८ चं भोक जीव काढतं. १० चं असेल, किंवा भोकं दहा-बारा असतील, तर रोटरी हॅमर एक दिवस भाड्यानं आणा. रोटरीनं तेच ६ चं भोक दहा-पंधरा सेकंदांत होतं. आणि तुमचा फ्लॅट जर त्या नव्या टॉवरांपैकी असेल जिथं ॲल्युमिनियमच्या साच्यात सगळ्याच भिंती काँक्रीटच्या ओततात, ज्याला साइटवर मिवान म्हणतात, तर इम्पॅक्ट ड्रिल विकत घेऊच नका. तिथं फोटोफ्रेमचा खिळासुद्धा लिंटलच आहे.

महालातल्या जुन्या वाड्यांचं उलट आहे. तिथं विटा मऊ, जुडाई चुन्याची. हॅमर लावला तर सहाच्या बिटनं दहाचं भगदाड पडतं. तिथं साधंच ड्रिल बरं.

तिसरा फोटो

संध्याकाळी ताईंच्या भावानं ठेकेदाराकडून एक मशीन आणलं आणि त्याचा फोटो आला. लांब मान, मोठं अंग, बाजूचा दांडा, आणि पुढं तीन जबड्यांचा चक! ताई वैतागल्या. "हेही तसंच का?"

या फोटोनं कुणीही फसेल. पण चकच्या मागं बारकाईनं पाहिलं तर एक बोटाएवढी बारीक दांडी रबराच्या टोपीत शिरलेली दिसत होती. म्हणजे हा रोटरी हॅमरच, त्याच्या तोंडात कुणीतरी चकचं अडॅप्टर घातलेलं. लाकूड-लोखंडाला तसं करतात. बाजूला मोठी फिरकी होती आणि तिच्यावर तीन चित्रं: बिट, बिट आणि हातोडी, नुसती हातोडी. पट्टीवर ८०० वॅट, काँक्रीट २६ मिलिमीटर.

त्यांना सांगितलं, गळपट्टी मागं ओढा आणि अख्खा चक काढून ठेवा. चक लावून हॅमर चालवायचा नाही, जबड्यांची वाट लागते आणि ठोका बिटपर्यंत नीट पोचतही नाही. एसडीएसचा ६ चा बिट घ्या. शेपटीला चिमूटभर ग्रीस लावा, आत दाबून थोडा फिरवा, खट् झालं की ओढून पाहा. बिट निघाला नाही पाहिजे, पण सेंटीमीटरभर मागं-पुढं हलला पाहिजे. तो ढिला वाटतो म्हणून लोक मशीन परत आणतात. तो तसाच असतो, ठोका खायला त्याला जागा लागते.

फिरकी मधल्या चित्रावर, म्हणजे बिट आणि हातोडी दोन्ही. उलट-सुलटची दांडी सुलट बाजूला. हसू नका, "काँक्रीटमध्ये जात नाही" अशा तक्रारींत दर महिन्याला एखादं मशीन नुसतं उलटं फिरत असतं.

भोक कुठं आणि किती खोल

ब्रॅकेटची प्लॅस्टिकची गुट्टी ३५ मिलिमीटरची होती. प्लॅस्टर पकड देत नाही, म्हणून गुट्टी त्याच्या मागं बसवायची. १५ प्लॅस्टरचे आणि ३५ गुट्टीचे मिळून ५० झाले, वर भुशासाठी थोडी जागा, म्हणजे ५५ मिलिमीटर. बिटवर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळायला सांगितली.

लिंटलच्या खालच्या अंगाला, तळापासून इंच-दीड इंचावर मुख्य सळया असतात, कारण ओझ्यानं ताण तिथंच येतो. म्हणून खिडकीच्या वरच्या काठाला चिकटून भोक पाडू नये. काठापासून तीन इंच वर, पट्टीच्या मधोमध खूण करायला सांगितली. तिथं मुख्य सळई टळते, पण उभ्या रिंगा साधारण अर्ध्या-अर्ध्या फुटावर असतातच, आणि त्या कुठं आहेत हे बाहेरून दिसत नाही.

पहिलं भोक पंधरा सेकंदांत झालं. दुसरं ३८ मिलिमीटरवर थांबलं. आवाज बदलला, टणटण झाला. ताईंचा लगेच फोन: "हेही अडलं!"

इथं खोली मोजल्यानं वाचलो. १५ वर अडलं तर काँक्रीटचा पृष्ठभाग, म्हणजे मशीन कमी पडलं. ३५-४० वर अडलं, आधी नीट जात होतं आणि भुशात चकचकीत कण दिसले, तर सळई. प्लॅस्टरचे १५ आणि त्यामागं सळईवरचं काँक्रीटचं आवरण वीस-पंचवीस, बेरीज तेवढीच येते. सळईवर हॅमर चालवत राहिलं की कार्बाइडचं टोक बोथट होतं किंवा तुटतं आणि नंतर तोच बिट काँक्रीटलाही चालत नाही. शिवाय घराची सळई कापायची नसते. बिट बाहेर काढून ब्रॅकेट इंचभर बाजूला सरकवला, तिथं भोक सरळ झालं. अडलेलं भोक पुट्टीनं बुजवलं.

फोटो जिथं संपतो

जुनं मशीन विकत घेताना लोक फोटोवरच सौदा करतात, म्हणून हेही लिहून ठेवतो. फोटोत जात कळते, तब्येत कळत नाही. इम्पॅक्ट ड्रिलच्या चकत्यांचे दात झिजलेले असले तरी बाहेरून हातोडीचं चित्र तसंच चकचकीत असतं. पट्टीवरचे आकडे नकली मशीनवरही छापता येतात.

अशा वेळी विकणाऱ्याकडून दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवा. हॅमर चालू करून बिट लाकडाच्या फळीवर दाबलेला हवा. हवेत फिरवून दाखवलं तर त्याला अर्थ नाही. दोन्ही जातींची मशीनं बिट दाबल्याशिवाय ठोकत नाहीत. दाबल्यावर साध्या फिरण्याच्या आवाजात एकदम खडखडाट मिसळला पाहिजे. दाबूनही आवाज गुळगुळीत राहिला तर चकत्या गेल्या. मशीनच्या मागच्या जाळीतही पाहा. थोड्या निळसर ठिणग्या चालतात, पण कडं धरून गोल फिरणारी आग दिसली तर कार्बन ब्रश झिजलेत किंवा आर्मेचर गेलं आहे. ब्रश स्वस्त असतात. आर्मेचर असेल तर मशीन सोडून द्या.

ताईंचे रॉड लागले. रविवारी पुन्हा निरोप आला, बाथरूमच्या भिंतीचा फोटो आणि शेजारी तेच रोटरी मशीन. पंचवीस लिटरचा गीझर टांगायचा होता. "आता तर आपल्याकडं तोफच आहे."

मी पहिल्या भोकाच्या भुशाचा फोटो मागितला. पांढरा, मऊ, टाल्कम पावडरीसारखा. हलक्या एएसी ब्लॉकची भिंत. पाणी भरल्यावर गीझर पस्तीस किलोच्या पुढं जातो आणि त्या ब्लॉकमध्ये हॅमर मारला तर भोक मोठं होऊन साधी गुट्टी फिरत राहते. त्यांना सांगितलं, फिरकी नुसत्या बिटच्या चित्रावर ठेवा, टाइलही तशीच हळू भेदा, आणि ब्लॉकसाठी मिळतात ते लांब नायलॉनचे अँकर आणा. किंवा सासऱ्यांचं जुनं ड्रिल काढा.

त्यांनी जुनंच काढलं.